पाव शिळा की कोरडा?

पावाचं पुडिंग भट्टीत बिघडलं असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा ते भट्टीत जाण्याआधीच बिघडलेलं असतं. कापल्यावर मधोमध पांढरी कोरडी रेघ दिसते किंवा तळाशी आमलेटसारखा पिवळा थर बसलेला असतो. हे दोन्ही दोष आचेचे नाहीत, पाव दुधात पडला त्या वेळचे आहेत. दूध-अंड्याचं प्रमाण किती ठेवायचं आणि पाव किती वेळ मुरू द्यायचा, हे दोन प्रश्न वेगळे वाटतात. दोन्हींचं उत्तर मात्र एकाच गोष्टीत आहे : पावात आधीपासून किती पाणी बसलेलं आहे.

यावरचा एक चांगला वाद मी अहेरीत ऐकला. एका बाजूला खानावळ चालवणाऱ्या आत्याबाई. त्यांच्याकडे सकाळी ऑफिसवाल्यांना आणि शिकायला राहिलेल्या पोरांना आमलेट-ब्रेड असतो. ब्रेड बाहेरून गाडीनं येतो. पावसाळ्यात रस्त्यावरून पाणी गेलं की गाडी येत नाही, म्हणून आली की दोन पुडे जास्तीचे घेऊन ठेवायचे, आणि मग तेच उरतात. दुसऱ्या बाजूला त्यांचा भाचा. नागपुरात बेकरीत काम शिकलेला, आता आलापल्लीत स्वतःची लहानशी बेकरी टाकायच्या तयारीत असलेला. आत्याबाईंचा हात अंदाजाचा, भाच्याचा वजनकाट्याचा. जुलैची झड लागलेली होती आणि टेबलावर ब्रेडचे दोन पुडे होते : एक आदल्या दिवशी आणलेला, दुसरा फ्रिजमध्ये चार दिवस राहून कडक झालेला.

आत्या : शिळा तो शिळा, बाबू. कडक झाला की दुधात घालायचा, दोन-चार अंडी फोडायची, साखर टाकायची. त्याला काटा कशाला पाहिजे?

भाचा : आत्या, हा कडक स्लाइस काट्यावर ठेव बरं. किती भरला? २६ ग्रॅम. आता कालचा मऊ ठेव. तोही २६. म्हणजे कडक झाला तो पाणी उडून झाला का?

आत्या : मग काहून झाला?

भाचा : पुड्याचं तोंड बांधलेलं होतं, पाणी जाणार कुठं? पाव भाजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, म्हणून पाव मऊ. गार झाल्यावर तोच स्टार्च हळूहळू परत आवळून बसायला लागतो. पाणी आतच राहतं, पाव मात्र कडक लागतो. आणि फ्रिजच्या थंडीत हे आवळणं बाहेरच्यापेक्षा वेगानं होतं. खोटं वाटत असेल तर तोच स्लाइस मंद तव्यावर झाकण ठेवून गरम कर.

आत्याबाईंनी तो तव्यावर टाकला, वर ताटली पालथी घातली. मिनिटभरानं उचलला तर स्लाइस मधून वाकला, मोडला नाही. चिमटीत दाबला तर बोटं आत गेली आणि सोडल्यावर खळगा भरून आला. ताटलीच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब होते. चार दिवसांच्या ब्रेडमधून एवढी वाफ निघते, म्हणजे तो कोरडा कधी झालेलाच नव्हता. साध्या सँडविच ब्रेडमध्ये वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्तच पाणी असतं आणि बंद पुड्यात ते बरंचसं तसंच टिकतं.

आत्या : बरं, पाणी आहे आत. राहू दे की. पुडिंगात दूध घालणारच आहे, तेवढं दूध कमी घालीन. हिशोब बरोबरच होतो.

भाचा : काट्यावर होतो, पुडिंगात नाही होत. ब्रेडच्या जाळीत जी जागा पाण्यानं धरली आहे तिथं दूध-अंडं शिरत नाही. ते बाहेरच राहतं. मग तुकड्याच्या मध्ये नुसतं फिकं पाणी, ना साखर, ना अंडं. भाजल्यावर तो भाग चिकट आणि बेचव लागतो. बाहेर राहिलेलं अंडं-दूध जड म्हणून खाली जातं आणि तळाशी वेगळा थर धरतं. तेच पाणी आधी उडवलं, तर त्या जागी कस्टर्ड शिरतं.

मला या वादातला हा सगळ्यात मोलाचा मुद्दा वाटला. आपण सगळे ‘शिळा ब्रेड घ्या’ असं ऐकत आलो आहोत. शिळेपणाचा फायदा इतकाच, की तुकडा लगेच विरघळून लगदा होत नाही. कस्टर्ड पिण्याची ताकद पावाला वाळल्यामुळे येते, दिवस उलटल्यामुळे नाही. उघड्यावर राहिलेला दोन दिवसांचा पाव या कामाला बंद पुड्यातल्या आठ दिवसांच्या ब्रेडपेक्षा बरा.

आत्या : म्हणजे मी ब्रेड फ्रिजमध्ये ठेवते तेच चुकलं म्हण की.

भाचा : इथं, या दिवसांत, अजिबात चुकलं नाही. बाहेर ठेवला असतास तर कडक व्हायच्या आधी बुरशी धरली असती. अहेरीच्या जुलैत ब्रेड वाळत नाही, आंबतो. मे महिन्यात मात्र फ्रिजची गरज नाही. सावलीत परातीत पसरून वर पातळ फडकं टाकलं की दुपारभरात तो आपोआप वाळतो.

आत्या : बुरशीचा ठिपका असला तर मी तेवढा भाग काढून टाकते.

भाचा : ते नको करू. हिरवा ठिपका दिसतो तो वरचा फुलोरा, त्याचे धागे मऊ ब्रेडमध्ये खोल गेलेले असतात. सगळा पुडा टाकायचा. आणि दुसरी एक गोष्ट, ती डोळ्यांना दिसतच नाही. पावसाळ्यात कधी पावाला जास्त पिकलेल्या खरबुजासारखा गोड वास येतो?

आत्या : येतो ना. आतून चिकटही होतो. ओढला की तार सुटते.

भाचा : तोच. त्या जंतूंची बी मैद्यातूनच येते आणि भट्टीच्या आचेतही मरत नाही. नंतर उबदार दमट हवा मिळाली की फोफावते. पुडिंग भाजून तो पाव सुधारेल असं समजू नको. वास आला की कचऱ्यात.

आता प्रश्न वाळवण्याचा. भाच्याची रीत ओटीजीची : ब्रेडचे बोटभर रुंदीचे चौकोन करायचे, एकावर एक न चढवता ट्रेमध्ये पसरायचे, १२० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवायचे, मध्ये एकदा परतायचे. रंग चढू द्यायचा नाही. आत्याबाईंनी तोवर जाड तवा मंद आचेवर ठेवून तुकडे त्यावर पसरलेही होते. दर दोन मिनिटांनी हातानं उलथत होत्या. भाच्यानं सुरुवातीला दहा स्लाइसचे २६० ग्रॅम भरून घेतले होते. ओटीजीतून निघालेल्या निम्म्याचे आणि तव्यावरच्या निम्म्याचे मिळून दोनशेच्या आसपास भरले. म्हणजे साठेक ग्रॅम पाणी गेलं. इतकं पुरे होतं. तुकडा वरून टोस्टसारखा खरखरीत लागतो, दाबला तर किंचित दबून मग तुटतो, ही खूण. पार टोस्ट करायची गरज नाही. बेकरीतला पुरता वाळलेला टोस्ट वापरायचा झाला तर दूध बरंच जास्त लागतं आणि मुरायला वेळही दुप्पट जातो.

तव्यावरच्या तुकड्यांना कुठंकुठं तांबूस डाग पडले होते. भाच्याला ते खटकले. मला उलट बरे वाटले, भाजक्या पावाची चव त्या डागांत असते.

आत्या : तू वाळवण्याचं एवढं सांगून राहिला, पण प्राणहितेपलीकडे तेलंगणात डबल का मीठा करतात, त्यात ब्रेड तुपात तळतात. अंडं नाही, भट्टी नाही, आणि लग्नाच्या पंगतीत लोक तोंड भरून खातात.

भाचा : तळणं म्हणजे तरी काय? कडक तापलेल्या तुपानं ब्रेडमधलं पाणीच बाहेर काढलं ना. बुडबुडे येतात ते पाण्याचेच. वाळवण्याचीच ती वेगळी तऱ्हा. मग तो ब्रेड पाक पितो, आटवलेलं दूध पितो. फक्त तिथं सगळं धरून ठेवायला अंडं नाही, म्हणून दूध आटवून दाट करावं लागतं. पातळ दूध घातलंस तर ताटलीत वाहील. आपल्याकडे ते धरून ठेवायचं काम अंडं करतं, म्हणून दूध पातळ चालतं.

आत्या : म्हणजे अंडं जितकं जास्त तितकं चांगलं?

भाचा : नाही. मुंबईत बॅलार्ड इस्टेटमध्ये ब्रिटानिया म्हणून १९२३ पासूनचं रेस्टॉरंट आहे, तिथलं कॅरॅमल कस्टर्ड प्रसिद्ध आहे. असं कस्टर्ड ताटलीत उलटं केल्यावर एकटं उभं राहायला हवं, त्याला आत ब्रेडचा आधार नसतो. त्याला साधारण १०० ते १२५ मिली दुधाला एक अंडं लागतं. आपल्या पुडिंगात ब्रेड आहे, त्याचा स्टार्चही थोडं धरतो. म्हणून अर्धा लिटर दुधाला तीन अंडी भरपूर झाली. पाच घातलीस तर कापताना रबरासारखं ओढलं जाईल आणि अंड्याचा वास वेलदोड्यालाही ऐकणार नाही. दोनच घातलीस तर चमच्यानं खायची खीर होईल.

आत्या : तीन कोणती?

भाचा क्षणभर थांबला. आत्याबाईंनी टोपलीतून दोन अंडी काढून त्याच्यासमोर ठेवली. एक पोल्ट्रीचं, पांढरं, मोठं. दुसरं घरच्या कोंबडीचं, तपकिरी, टोकाकडे निमुळतं. फोडून वाटीत काढल्यावर पहिलं पन्नासच्या जवळ भरलं, दुसरं अडतीस.

आत्या : मी गावठी अंडी वापरते. तुझ्या हिशोबानं तीन घातली असती तर पुडिंग धरलं नसतं. मी चार घालते, काही वेळा पाच. तुझा काटा मला शिकवून राहिला, पण अंडी तू मोजतोच ना!

भाचा : हे मात्र खरं. मग अंडीही तोलूनच घेऊ. दीडशे ग्रॅम. पोल्ट्रीची तीन किंवा तुझी चार.

ही अडचण मोठमोठ्या पाककृतींतही राहून जाते. अंड्यांचा आकडा लिहिलेला असतो, आणि ते अंडं कुठल्या कोंबडीचं ते नसतं. गावाकडे गावठी अंड्यांवर भिस्त असलेल्या घरांत पुडिंग ‘सैल राहतं’ याचं कारण बहुतेक हेच असावं. अंडी फोडून वाटीत तोलायची, प्रश्न मिटतो. काटा नसेल तर तीन मोठी आणि चार लहान एवढं लक्षात ठेवावं.

तर त्यांचं त्या दिवशीचं प्रमाण असं ठरलं : वाळवून झाल्यावर २०० ग्रॅम ब्रेड, ५०० मिली दूध, १५० ग्रॅम अंडी, ८० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, थोडी वेलदोडा-जायफळ पूड. ब्रेडचं वजन वाळवल्यानंतरचं धरायचं, हे महत्त्वाचं. दूध-अंडं मिळून साडेसहाशे, म्हणजे ब्रेडच्या सव्वातीन पट. हे भाच्याचं, मऊ आणि चमच्यानं खायचं पुडिंग. आत्याबाईंना ते पटलं नाही.

आत्या : माझी पोरं हे हातात घेऊन शाळेला जातात. मला वडीसारखं कापता आलं पाहिजे. मी दूध शंभरनं कमी करीन. ४०० दूध, अंडी तेवढीच.

भाचा : जरा घट्ट होईल, पावाची चव जास्त लागेल.

आत्या : पावाचंच आहे ना ते?

हा वाद मिटला नाही आणि मिटवायचं कारणही नाही. वाळल्या ब्रेडच्या पावणेतीन पटीपासून सव्वातीन पटीपर्यंत दोन्ही पुडिंगं नीट होतात. एक ताटलीतलं, एक हातातलं. दुपटीच्या खाली मात्र उतरू नये, कारण मग कोरडी रेघ चुकत नाही.

दूध कोमट करून घेतलं. बोट बुडवून दहा मोजेपर्यंत ठेवता यावं इतपतच. त्याहून गरम दूध थेट अंड्यावर ओतलं तर अंडं तिथंच शिजून दाणे धरतं. साखर दुधात विरघळवली, अंडी फेस न काढता नुसती मोडून त्यात मिसळली आणि सगळं गाळणीतून गाळलं. गाळणीत पांढऱ्या दोऱ्या अडकल्या होत्या. त्या तशाच राहिल्या असत्या तर भाजल्यावर दाताखाली आल्या असत्या.

आत्या : एक विचारू? आधी नुसत्या दुधात ब्रेड भिजवला आणि अंडी मागून वरून ओतली तर? ब्रेड लवकर भिजतो ना.

भाचा : भिजतो, पण दुधानं भरतो. मग अंड्याला आत जागाच राहत नाही, ते तुकड्यांच्या भोवती राहतं. तोच तळाचा पिवळा थर. दूध आणि अंडं एकदम मिसळूनच घाल.

सात इंची डब्याला तूप लावून तुकडे त्यात पसरले. मिश्रणाचा दोन तृतीयांश भाग आधी ओतला, उरलेला राखून ठेवला. वरचे तुकडे तरंगायला लागले तेव्हा आत्याबाईंनी त्यांच्यावर लहान ताटली ठेवून हलकेच दाबलं. ढवळलं नाही, कारण भिजलेला ब्रेड ढवळला की जाळी मोडते आणि एकसारखा लगदा होतो. कडांचे तुकडे वर ठेवले, कारण कड सावकाश भिजते आणि वर राहिली तर भाजल्यावर कुरकुरीत होते.

भाचा : आता अर्धा तास.

आत्या : घड्याळ कशाला बघतो? ब्रेड बघ.

वीस मिनिटांनी त्यांनी मधला एक तुकडा चमच्यानं उचलून बशीत घेतला आणि सुरीनं आडवा कापला. आत हरभऱ्याएवढा पांढरा गाभा होता. बाजूचा सगळा भाग पिवळसर, चकचकीत. मग राखलेलं मिश्रण ओतलं, परत ताटली ठेवली. अजून पंधरा मिनिटांनी कापलेल्या तुकड्यात पांढरं काही उरलं नव्हतं, आणि डबा किंचित कलता केला तर कडेला दोन-तीन चमचे मोकळं मिश्रण सरकलं. ते तसं सरकायला हवं. एक थेंबही मोकळा नसेल तर ब्रेड अजून तहानलेला आहे, पाव वाटी दूध घालावं. उलट भरपूर डबडबलेलं दिसत असेल तर एक तर ब्रेड नीट वाळलेला नव्हता, नाही तर वेळ पुरला नाही.

या बाबतीत मी आत्याबाईंच्या बाजूचा. वेळ तुकड्याच्या जाडीवर, कडेवर, दुधाच्या उबेवर बदलते. साध्या सँडविच ब्रेडला अर्धा तास, लादी पावाच्या जाड तुकड्यांना पाऊण तास, हे ढोबळ धरायला ठीक, पण खरा निकाल कापलेल्या तुकड्याच्या आत दिसतो. भाच्यानं मात्र एक गोष्ट घड्याळाचीच म्हणून धरून ठेवली आणि तीही बरोबर होती.

भाचा : भिजायला कितीही वेळ लागो, कच्चं अंडं आणि दूध दोन तासांच्या वर बाहेर ठेवायचं नाही. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तास ही शेवटची हद्द. जास्त वेळ हवा असेल तर डबा झाकून फ्रिजमध्ये. रात्रभरही चालेल, फक्त ब्रेड नीट वाळलेला पाहिजे.

आत्या : रात्रभर ठेवलं आणि लाइट गेली तर?

भाचा : तर सकाळी ते भाजू नको.

मुरत असताना आत्याबाईंनी वाटीभर मोहफुलं काढली. उन्हाळ्यात वेचून वाळवलेली, तांबूस, सुरकुतलेली. त्यांनी ती आधीच दोनदा धुवून रेती काढून गरम पाण्यात फुगवून ठेवली होती. भाच्याचा चेहरा बदलला. मोहाचा वास सगळ्या पुडिंगावर बसेल, बेदाणेच घाल, असं तो म्हणाला. आत्याबाईंनी मूठभर नाही, पंधरा-वीसच फुलं पिळून तुकड्यांमध्ये खोचली आणि वर चारोळी पेरली. मला विचाराल तर एवढ्यावर थांबलं तर मोह बेदाण्यापेक्षा चांगला. त्याचा गोडवा धुरकट असतो आणि जायफळाशी जुळतो. त्यापुढे गेलं तर भाच्याचं म्हणणं खरं ठरतं. फुलं आधी फुगवणं मात्र टाळू नये. कोरडी घातली तर ती ब्रेडच्या वाट्याचं दूध पितात आणि त्यांच्याभोवती घट्ट गुठळी होते.

ओटीजी १६० अंशांवर तापलेला होता. डबा मोठ्या ट्रेमध्ये ठेवून ट्रेत उकळतं पाणी डब्याच्या निम्म्या उंचीपर्यंत ओतलं.

आत्या : पाणी कशाला? वेळ वाढतो.

भाचा : वाढू दे. दूध-साखर मिसळलेलं अंडं ८० अंशांच्या आसपास धरतं. ८५ च्या पुढे गेलं की आवळून पाणी सोडायला लागतं. मधे जेमतेम पाच अंश. कोरड्या आचेत डब्याची कड त्याच्या कितीतरी पुढे जाते आणि मध्य अजून कच्चा असतो. बाहेर पाणी असलं की कड शंभरच्या वर जाऊच शकत नाही. आणि लाइट गेली तर दार उघडायचं नाही. ते गरम पाणी काही वेळ ऊब धरून ठेवतं.

लाइटचा भरवसा नाही म्हणून आत्याबाईंची चुलीवरची रीतही इथं सांगून ठेवतो. जाड पातेल्यात दोन बोटं पाणी, त्यात तिवई, तिवईवर डबा, वर सपाट झाकण आणि झाकणावर निखारे. खालची आच मंद, पाणी सळसळ उकळू द्यायचं नाही. झाकणावर निखारे नसतील तर ते वाफवलेलं पुडिंग होतं, वरची तांबूस कड येत नाही आणि झाकणाचं पाणी थेंबथेंब वर पडून पृष्ठभाग चिघळतो. निखाऱ्यांनी झाकण तापलेलं राहतं, त्यामुळे थेंब धरत नाहीत आणि वरून रंगही येतो. ओटीजीपेक्षा वेळ थोडा कमीजास्त होतो, म्हणून अर्ध्या तासापासूनच बघायला लागायचं.

४५ मिनिटांनी दार उघडलं. कड धरलेली, थोडी फुगलेली. डबा हलवला तर मध्यभागी वाटीएवढा भाग जेलीसारखा हलत होता. आत्याबाई म्हणाल्या अजून दहा मिनिटं, भाचा म्हणाला आत्ता काढ. सुरी मधे घालून काढली तर तिच्यावर ओल होती, दूध नव्हतं. भाच्याचं ऐकून डबा बाहेर काढला. आतल्या उष्णतेनं मध्य नंतरही धरत राहतो, म्हणून पूर्ण घट्ट होईपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. जास्त भाजलं गेल्याची खूण कापताना कळते : बाजूला बारीक भोकं दिसतात आणि कापाच्या कडेला पातळ पिवळं पाणी जमतं. अर्धा तास तसंच राहू दिल्यावर हे पुडिंग कापलं तेव्हा बशी कोरडी राहिली. एका तुकड्यात ब्रेड कुठं संपतो आणि कस्टर्ड कुठं सुरू होतं ते दाखवता येत नव्हतं.

आत्या : चव बरी आहे. पण मला वीस पोरांचं करायचं आहे. एक किलो ब्रेड. चौपट करून मोठ्या डब्यात भरते.

भाचा : चौपट कर, पण एका डब्यात नको. डबा खोल झाला की मध्य शिजेपर्यंत कड जळते. दोन-अडीच इंचांपेक्षा जाड थर करू नको. दोन पसरट ट्रे घे.

आत्या : किलोभर ब्रेडचे तुकडे तव्यावर कुठवर वाळवू?

भाचा : माझी भट्टी लागली की दुपारी पाव काढल्यावर ती तासभर उबदार राहील. परात पाठव, आपोआप वाळेल. वाळून आठशेच्या जवळ यायला हवी. मग तुझ्या प्रमाणानं दूध १ लिटर ६०० मिली, अंडी ६०० ग्रॅम. तुझी गावठी सोळा.

आत्या : सोळा गावठी एका दिवशी कुठून आणू? आठ माझी, सहा पोल्ट्रीची.

भाच्यानं काट्यावर न बघता मनात बेरीज केली आणि मान हलवली.